ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डरचा : योजनेची पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेपासून मिरज रस्त्यापर्यंत ‘20 टक्के भरा, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ असे फलक लागतात. मुलगा पुण्यात नोकरीला असलेल्या घरांना तिकडच्या प्रकल्पांचेही असेच फोन येतात. 2008च्या मंदीनंतर फ्लॅटची विक्री थंडावली, तेव्हा मोठ्या शहरांत ही पद्धत फोफावली. बिल्डरला बांधकामासाठी पैसा हवा होता. तो ग्राहकाच्या नावावरच्या गृहकर्जातून उचलणे त्याला स्वतःच्या कर्जापेक्षा स्वस्त पडत होते.

2013च्या सप्टेंबरमध्ये मध्यवर्ती बँकेने सांगितले की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच द्यावी, आगाऊ सगळी देऊ नये. पण ही सूचना बँकांना होती. गृहवित्त कंपन्यांचा नियामक तेव्हा वेगळा होता आणि त्याने बिल्डरने हप्ते भरण्याच्या योजना थांबवायला जुलै 2019 उजाडला. मधली सहा वर्षे फार महाग पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिल्डर भरतो ते व्याज कुठे लपते, ते बंदीआधीच्या योजनेच्या हिशेबाने पाहू. समजा, टप्प्यानुसार पैसे भरणाऱ्याला फ्लॅट साडेछत्तीस लाखांना आहे आणि योजनेत चाळीस लाखांना. ग्राहक आठ लाख भरतो आणि बत्तीस लाखांचे कर्ज एकदम बिल्डरकडे जाते. 9 टक्के दराने महिन्याचे व्याज 24,000 रुपये, म्हणजे दोन वर्षांचे 5 लाख 76 हजार. त्यातले साडेतीन लाख ग्राहकाने वाढीव किमतीतून आधीच दिलेले असतात. मुद्रांक शुल्कही चाळीस लाखांच्या करारावर लागते. शिवाय बिल्डर भरतो ते फक्त व्याज, त्यामुळे ताब्याच्या दिवशी मुद्दल बत्तीस लाखच असते.

खरी गोम बँक, बिल्डर आणि ग्राहक यांच्यातल्या त्रिपक्षीय करारात आहे. जाहिरातीत ‘ताबा मिळेपर्यंत’ असते, तर करारात बहुधा ठरावीक मुदत, म्हणजे 24 किंवा 36 महिने. बांधकाम रखडले तरी ती मुदत संपते. त्याच करारात असेही असते की बिल्डरने भरले नाही तर कर्जदाराने भरायचे आणि बिल्डरशी असलेल्या वादाचा परतफेडीशी संबंध नाही. म्हणून पंधराव्या महिन्यात बिल्डर थांबला, की 24,000ची मागणी थेट ग्राहकाकडे येते, तीही घरभाडे चालू असताना. सिबिल घसरतो आणि थकबाकी 90 दिवसांवर गेली की खाते बुडीत वर्गात जाते. बिल्डर वेळेवर भरतो की नाही, हे कर्जखात्याच्या उताऱ्यावर दरमहा दिसते.

2016च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 18नुसार ताबा लांबल्यास ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज घेता येते. पण ते देणे बिल्डरचे. निकाल आणि वसुली होईपर्यंत बँकेचे हप्ते थांबत नाहीत. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि वित्तसंस्थांच्या संगनमताची सीबीआय चौकशी सुरू करायला लावली, ती मुख्यतः दिल्लीभोवतालच्या प्रकल्पांची. 2019नंतर काही बिल्डर बँकेत न भरता ग्राहकाच्या खात्यावर व्याज परत करतात. तिथे बँकेशी करार फक्त ग्राहकाचा असतो आणि बिल्डरचे वचन वेगळ्या कागदावर राहते.