व्हीनस प्रेशरचा आकडा नेमकं काय सांगतो?

डायलिसिसच्या मशीनवर बरेच आकडे दिसतात, पण पेशंटच्या घरची माणसं बहुतेक दोनच गोष्टी विचारतात: पाणी किती काढलं आणि अजून किती वेळ आहे. आम्ही सिस्टर लोक मात्र येता-जाता एका तिसऱ्याच आकड्यावर नजर टाकत असतो. तो म्हणजे व्हीनस प्रेशर. स्वच्छ झालेलं रक्त शरीरात परत जाताना वाटेत किती दाब लागतोय, ते त्यावरून कळतं. हा दाब कुठून येतो हे एकदा नीट समजलं की डायलिसिसमधल्या दोन अगदी वेगळ्या धोक्यांचा उलगडा होतो. त्यातला एक महिनाभर हळूहळू वाढत जातो आणि दुसरा चार मिनिटांत जीव घेऊ शकतो.

आधी फिस्टुलाबद्दल थोडं. डायलिसिसचा पंप मिनिटाला 250 ते 300 मिली रक्त खेचतो. हाताच्या साध्या शिरेत इतकं रक्त वाहतच नाही. म्हणून सर्जन मनगटाशी किंवा कोपराशी एक धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. हा जोड म्हणजेच फिस्टुला. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. धमनीच्या जोराने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि साधारण दीड ते तीन महिन्यांत ती सुया सोसण्याजोगी होते. चांगल्या फिस्टुलातून मिनिटाला 600 मिलीपेक्षा जास्त रक्त वाहतं. त्यावर बोटं ठेवली की खाली सतत थरथर लागते. तिला आम्ही थ्रिल म्हणतो. इंदूरला पेशंट ‘मशीन चालू आहे’ असं म्हणतात तेव्हा ते कधी डायलिसिसच्या मशीनबद्दल बोलत असतात, तर कधी हाताच्या या थरथरीबद्दल, आणि कशाबद्दल ते आपण ओळखायचं असतं.

दर वेळी फिस्टुलात दोन सुया घालतात. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत जातं. सोळा नंबरची सुई बाहेरून जेमतेम 1.6 मिलीमीटरची असते, आणि तिच्यातून दर मिनिटाला पाव लिटर रक्त ढकलायचं असतं. खरा अडथळा तिथे आहे. समजा, स्क्रीनवर व्हीनस प्रेशर 130 दिसतंय. त्यातले शंभरच्या आसपास एकट्या सुईचे आणि नळीचे असतात. फिस्टुलाच्या आतला दाब फार तर 20-30. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: आकड्याचा मोठा हिस्सा सुईचा, लहानसा हिस्सा पेशंटच्या हाताचा.

आता हळू वाढणारा धोका बघू. रामबागेतल्या एका काकांची गोष्ट सांगते. वय साठीच्या पुढे, बरीच वर्षं मधुमेह, डाव्या कोपराशी फिस्टुला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पंप 250 वर, सुई सोळा नंबरची. सेशन सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत घेतलेलं त्यांचं व्हीनस प्रेशर 120-125 असायचं. मग ते 140 झालं. पुढच्या आठवड्यात 150, त्यानंतर 165. मशीन एकदाही वाजलं नाही.

याचं कारण मशीनच्या स्वभावात आहे. सुरुवातीला दाब स्थिर झाला की बहुतेक मशीन त्या दिवसाच्या आकड्याभोवती खाली-वर थोडी जागा सोडून अलार्मची हद्द आखून घेतं. आज 125 असेल तर त्याच्याभोवती, महिन्याने 165 असेल तर त्याच्याभोवती. कालच्या आकड्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. कालचा आकडा फक्त आमच्या चार्टवर असतो, आणि तोही एका दिवसाचा कागद वरून खाली वाचून दिसत नाही. चार-सहा सेशनचे कागद शेजारी ठेवून तोच रकाना आडवा वाचावा लागतो. मला विचाराल तर डायलिसिस नर्सिंगमधलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं वाचन ते हेच.

ही तुलना करायची तर पंपाचा वेग आणि सुईचा नंबर तोच हवा. सोळाऐवजी सतरा नंबरची बारीक सुई घातली किंवा पंप 300 वर नेला तर हाताला काहीही न होता आकडा चढतो. म्हणून चार्टवर नुसतं ‘व्हीपी 165’ लिहून भागत नाही, शेजारी सुईचा नंबर आणि वेग लागतोच. आकडा सुरुवातीचाच घ्यायचा, कारण पुढे परतीच्या नळीतल्या चेंबरमध्ये गुठळी धरली तरी तो वाढतो. आणि एखाद्या दिवशी वाढला तर सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असू शकतं. सलग तीन सेशन चढत राहिला, तर मात्र कारण हातात शोधायचं.

काकांच्या बाबतीत चार्टवर अजून एक खूण होती. सुया काढल्यावर रक्त थांबायला आधी आठ-दहा मिनिटं लागायची, ती आता पंचवीस लागत होती. त्यांना वाटलं, रक्त पातळ करणारं हिपॅरिन जास्त झालं असेल. शंका रास्त होती, म्हणून आधी तेच तपासलं. डोस तोच होता आणि शेवटच्या तासात बंदही केलेला होता.

मग हात बघितला. निरोगी फिस्टुला दाबला तर मऊ लागतो आणि थरथरतो. काकांचा कडक लागत होता आणि थरथरीच्या जागी बोटाला ठोके जाणवत होते. त्यांना आडवं झोपवून हात सरळ वर करायला सांगितला. असं केल्यावर फुगलेली शीर रिकामी होऊन बसायला हवी, कारण रक्त उताराने छातीकडे निघून जातं. काकांची शीर खांद्यापर्यंत तशीच टम्म राहिली. स्टेथोस्कोपने ऐकलं तर नेहमीचा सलग, घुमणारा आवाज नव्हता. तुटक, बारीक आणि चढ्या सुराचा होता. बागेला पाणी घालताना पाइपच्या पुढच्या टोकावर पाय पडला की मागचा पाइप जसा ताठ होतो, तसं इथे झालं होतं. पुढे कुठेतरी शीर अरुंद झाली होती आणि मागचा दाब वीस-तीसवरून साठ-सत्तरवर गेला होता. तेवढीच भर स्क्रीनवरच्या आकड्यात पडली होती, आणि त्याच दाबामुळे सुईचं छिद्र लवकर बुजत नव्हतं.

शीर अरुंद होते ती बाहेरची घाण साचून नाही. शीर मुळात कमी दाबासाठी बनलेली. तिच्यात धमनीचा जोर आला, वळणावर प्रवाह घुसळला की आतल्या अस्तराखालच्या पेशी वाढत जातात आणि भिंत आतून जाड होते. कोपराजवळच्या फिस्टुलात हे बऱ्याचदा खांद्याखाली होतं, जिथे ती शीर वळण घेऊन खोल उतरते. काकांचंही तिथेच निघालं. रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर शीर बघितली, त्याच वेळी बलून घालून ती जागा रुंद केली. पुढच्या सेशनला आकडा 128 होता आणि रक्त दहा मिनिटांत थांबलं.

मात्र आकडा वाढला म्हणून लगेच बलून, असंही नाही. 2019 मधल्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात की हात नियमित तपासावा, पण प्रत्यक्ष लक्षणं नसताना केवळ मोजमाप बिघडलं म्हणून बलून करू नये. बलूनने भिंतीला इजा होते आणि त्यातून ती पुन्हा जाड होऊ शकते. काकांना आकडा, रक्त न थांबणं आणि हाताची तपासणी, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. अरुंदपणा सुयांच्या अलीकडे, धमनीच्या जोडाशी असेल तर व्हीनस प्रेशर काहीच सांगत नाही. तिथे शीर मलूल लागते आणि रक्त खेचणाऱ्या बाजूचा अलार्म सारखा वाजतो.

दुसरा धोका त्याच हिशेबातून निघतो. परतीची सुई चालू सेशनमध्ये निसटून बाहेर आली तर काय होईल? पंप थांबत नाही. रक्त सुईतूनच जात राहतं, फक्त ते शिरेऐवजी गादीवर जातं. दाबात घट होते ती हाताच्या हिश्श्याएवढी. 130 चे 105 होतील. अलार्मची खालची हद्द 90 असेल तर मशीनच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. 250 मिलीच्या वेगाने चार मिनिटांत एक लिटर रक्त जातं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात ते असतं साधारण पाच लिटर.

इंदूरला डिसेंबर-जानेवारीत ही भीती जास्त असते. डायलिसिसमध्ये तशीही थंडी वाजते, त्यात सकाळची शिफ्ट. घरून आणलेली रजई गळ्यापर्यंत ओढून पेशंट झोपतात. रजई जाड कापसाची, रक्त वर दिसायला वेळ लागतो. म्हणून ‘सिस्टर, थंडी लागते हो’ असं कुणी कितीही काकुळतीने म्हटलं तरी सुयांचा हात उघडाच ठेवायला लावते. पायांवर दोन रजया घ्या, हात बाहेर. नळी हाताला वेगळी चिकटवून थोडी ढिली सोडतो, म्हणजे कूस बदलली तरी ओढ सुईवर येत नाही. खाटेच्या कठड्याला मात्र ती बांधायची नाही.

सेशन संपल्यावर सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाबायचं. आधी दाबलं तर सुईची धार शिरेला कापत बाहेर येते. सुई तिरकी गेलेली असल्यामुळे कातडीचं छिद्र आणि शिरेचं छिद्र एकावर एक नसतात, म्हणून दोन बोटं लागतात. दाब इतकाच की रक्त थांबावं, पण थरथर लागत राहावी. घाईत बँडेज आवळून बांधलं तर प्रवाहच थांबतो आणि शिरेत गुठळी होते. बीपी खूप उतरल्यावरही हेच होऊ शकतं. सेशन चालू असताना भरपेट पोहे-जिलबी खाऊ नका म्हणतो ते याचसाठी. रक्त पचनाकडे वळतं आणि आधीच पाणी काढल्याने उतरलेलं बीपी आणखी घसरतं.

घरी गेल्यावर रोज सकाळी आणि झोपताना थरथर बघावी. नसली तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. गुठळी ताजी असेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवसांत, ती काढून फिस्टुला वाचण्याची शक्यता चांगली असते. सुईच्या जागेवरची कातडी पातळ आणि चकचकीत झाली किंवा खपली मोठी होऊन बरीच होत नसेल तर तेही लगेच दाखवावं. तिथून अचानक रक्त उडालं तर वर टॉवेलचे थर देत बसू नये. नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबावं, हात वर धरावा आणि दुसऱ्या माणसाने 108 लावावा.

काकांचा आकडा सहाव्या महिन्यात पुन्हा 150 च्या वर गेला. बलून केलेली जागा परत अरुंद होणं नेहमीचंच आहे. या वेळी रक्त थांबायला वीस मिनिटं लागली, त्याच दिवशी हात वर करून बघितला आणि त्याच आठवड्यात दुसरा बलून झाला.