घरी असूनही 'कस्टमर नॉट अवेलेबल' मारलं? खरी रिअटेम्प्ट कशी मिळवायची, कुणाला लिहायचं, काय काय लागतं

गेल्या महिन्यातली गोष्ट. मिक्सरचं भांडं मागवलं होतं, १,४५० रुपये आधीच भरलेले, आणि मंगळवारी सकाळी ९:४२ ला ट्रॅकिंगवर `Out for Delivery` आलं म्हणून मी दिवसभर कुठे गेलेच नाही, दुपारी दळण आणायचं होतं तेही उद्यावर टाकलं. रात्री ८:५१ ला मेसेज, `Delivery Attempted - Customer Not Available`. बेल नाही, फोन नाही, खाली वॉचमनकाकांच्या वहीत त्या दिवशी त्या कुरिअरची एंट्रीच नाही. कस्टमर केअरच्या चॅटवर लिहिलं तर ठरलेलं उत्तर आलं की पुढच्या २४ ते ४८ तासांत परत प्रयत्न होईल. मी गप्प बसले. बुधवारी रात्री ८:४७ ला परत तेच.

कुरिअरचं नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं, पण यातून पार्सल सोडवायची जी पद्धत कळली ती सांगते.

आधी हे होतं का ते बघू, म्हणजे पुढे काय मागायचं ते कळेल. डिलिव्हरीवाल्याला सकाळी हबवरून त्या दिवसाच्या पार्सलांची यादी मिळते, तिला ते रनशीट म्हणतात, आणि संध्याकाळी हबवर परत जाताना यादीतल्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी स्टेटस लागतं, दिलं किंवा नाही दिलं आणि नाही तर का नाही. 'वेळच पुरला नाही' असं टाकलं तर त्याला बोलणी बसतात, 'कस्टमर घरी नाही' टाकलं तर दोष तुमचा. दिवसाला ढीगभर पार्सल आणि बऱ्याच ठिकाणी पैसे पार्सलमागे, त्यामुळे त्या पोराचा राग करून फार उपयोग नाही. पण खोटी अटेम्प्ट ओळखायची खूण इथेच मिळते. स्टेटस रात्री उशिरा, रोज जवळपास त्याच वेळेला पडलेलं असतं आणि त्याआधी एकही कॉल नसतो. खरंच दारात येऊन गेलेला माणूस शक्यतो दारातूनच कॉल करतो आणि स्टेटसही तेव्हाच टाकतो.

तक्रार करायच्या आधी आपली बाजू एकदा तपासा बरं का, नाहीतर तोंडावर पडायला होतं. डिलिव्हरीवाल्याचा कॉल बऱ्याचदा अ‍ॅपमधून फिरवलेल्या अनोळखी नंबरवरून येतो, फोनमध्ये अनोळखी नंबर सायलेंट करायची सेटिंग चालू असेल किंवा स्पॅम अडवणारं अ‍ॅप असेल तर रिंगच वाजत नाही. म्हणून मिस्ड कॉल आणि ब्लॉक झालेले कॉल दोन्ही याद्या बघा. पत्त्यात विंग राहिलीय का, पिनकोड बरोबर आहे का, ऑर्डरवर जुना नंबर तर नाही ना, हेही बघा. माझ्या शेजारणीचं पार्सल दोनदा परत गेलं ते तिने बी विंगच्या जागी नुसतं बी लिहिल्यामुळे, पोरगा बी सोसायटी शोधत बसला.

आता अर्ज कुणी करायचा, कारण लोक इथेच चुकतात. आपण कुरिअर कंपनीला फोन लावतो आणि तिकडून उत्तर येतं, 'सेंडरशी संपर्क करा'. चिडायला होतं, पण त्यांच्या हिशोबाने त्यांचा गिऱ्हाईक पार्सल पाठवणारा विक्रेता आहे, आपण नाही. डिलिव्हरी फसली की कुरिअरकडून विक्रेत्याच्या पॅनलवर एक रिपोर्ट जातो, त्याला एनडीआर म्हणतात, आणि त्यावर विक्रेत्याने 'परत पाठवा' अशी सूचना टाकली की नवीन अटेम्प्ट लागते. काही पॅनलमध्ये तर 'फेक अटेम्प्ट' असं मार्क करायची सोयच असते. बरेच विक्रेते हा रिपोर्ट उघडूनही बघत नाहीत. बहुतेक कुरिअर तीन अटेम्प्ट धरतात आणि मग माल विक्रेत्याकडे परत निघतो, म्हणजे प्रत्येक खोटी अटेम्प्ट तुमच्या तीनातली एक खाते. मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवरून घेतलं असेल तर अ‍ॅपमधल्या ऑर्डरवरूनच तक्रार टाका, छोट्या ब्रँडच्या वेबसाइटवरून घेतलं असेल तर ब्रँडला ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही करा. बहिणीने नागपूरहून स्वतः बुक करून पाठवलं असेल तर बुकिंग तिच्या नावावर आहे, तक्रार तिला टाकायला लावा.

कागदपत्रं म्हणाल तर फार काही नाही, पण ती त्याच रात्री गोळा करा. ऑर्डर नंबर, एडब्ल्यूबी म्हणजे ट्रॅकिंग नंबर, पैसे भरल्याचा पुरावा, ट्रॅकिंग पानाचा वेळेसकट स्क्रीनशॉट (पुढचं स्टेटस आलं की कधी कधी आधीची ओळ दिसेनाशी होते), आणि त्या दिवसाच्या कॉल लॉगचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा सलग स्क्रीनशॉट. सोसायटीत गेटवर वही असेल तर त्या पानाचा फोटो, कॅमेरा असेल तर सेक्रेटरींना सांगून फक्त स्टेटसच्या आसपासचा अर्धा तास जपून ठेवायला सांगा, कारण फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आधार वगैरे तक्रारीला लागत नाही, कुठे अपलोडही करू नका.

मी बुधवारी रात्री विक्रेत्याला जे लिहिलं ते जवळपास असं होतं, नावनंबर बदलून वापरा:

'ऑर्डर नंबर अमुक, ट्रॅकिंग नंबर तमुक. मंगळवारी रात्री ८:५१ आणि बुधवारी रात्री ८:४७ ला कस्टमर नॉट अवेलेबल दाखवलंय. दोन्ही दिवस मी घरी होते, एकही कॉल आला नाही, कॉल लॉग आणि गेटच्या वहीचा फोटो जोडलाय. या दोन्ही फेक अटेम्प्ट म्हणून कुरिअरकडे नोंदवा आणि अटेम्प्टच्या वेळेचं लोकेशन आणि कॉल रेकॉर्ड त्यांच्याकडून मागवा. माल परत पाठवायला माझी संमती नाही. रिअटेम्प्टची सूचना आजच टाका, दुसरा नंबर हा, खूण म्हणजे गणपती मंदिरासमोरची बिल्डिंग, बी विंग, दुसरा मजला. तक्रारीचा तिकीट नंबर कळवा.'

यातलं लोकेशन आणि कॉल रेकॉर्ड मागणं हेच खरं काम करतं. कुणी आलं नाही हे आपण सिद्ध करू शकत नाही ना, पण आलो होतो असं म्हणणाऱ्याकडे पुरावा असायला हवा, स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमध्ये वेळ आणि बऱ्याचदा जागाही नोंदलेली असते. 'माझी संमती नाही' हे वाक्यही राहू द्या, कारण कधी कधी पुढचं स्टेटस 'कस्टमरने नाकारलं' असं पडतं. आणि कुणी फोन करून 'कॅन्सलचा ओटीपी आलाय तो सांगा' म्हणालं तर अजिबात सांगू नका, तो दिला की पार्सल तुम्हीच नाकारलं असा पुरावा तयार होतो.

वेळेचंही गणित आहे. रनशीट सकाळी लवकर निघते, त्यामुळे सूचना रात्रीतच पडली तर दुसऱ्या दिवशीच्या फेरीत नंबर लागतो. मला विक्रेत्याचं उत्तर गुरुवारी साडेदहाला आलं, तोवर गाडी निघून गेलेली, म्हणून गुरुवार रिकामा गेला आणि शुक्रवारी सकाळी साडेअकराला बेल वाजली. पोरगा नवीन होता, आधीच्याचं काही माहीत नाही म्हणाला. मंगळवारीच लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते. घाई असेल तर विक्रेत्याकडून हबचा पत्ता घ्या आणि तिथून घ्यायची परवानगी आहे का विचारा, बऱ्याच हबवर ओळखपत्र आणि ट्रॅकिंग नंबर दाखवून पार्सल मिळतं, पण फोन न करता जाऊ नका, ते नेमकं गाडीत असतं.

ट्रॅकिंगवर `RTO` दिसायला लागलं की पार्सल परतीला लागलंय, आता रिअटेम्प्ट मागत बसण्यात अर्थ नाही, ते वाटेतून सहसा वळत नाही. तिथे सरळ दोनच पर्याय मागा, नवीन पार्सल पाठवा किंवा पूर्ण पैसे परत. 'परतीचा खर्च कापू' म्हणाले तर मानू नका, माल तुम्ही नाकारलेला नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, पूर वगैरे हाताबाहेरचं कारण सोडून. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे अडकलेले नसतात, नव्याने ऑर्डर करणं सोपं.

विक्रेता ऐकतच नसेल तर त्याच नियमांत पुढची पायरी आहे. प्रत्येक शॉपिंग साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, बहुतेक वेळा अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. कस्टमर केअरच्या चॅटपेक्षा इथे गेलेला ईमेल वेगळ्या टेबलावर उघडतो. तिथेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येतं, किंवा consumerhelpline.gov.in वर मोबाइल नंबरने नोंदणी करून कागद अपलोड करा. हे कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात, दंड करू शकत नाहीत, पण छोट्या रकमेच्या प्रकरणात बऱ्याचदा एवढं पुरतं. माल महागाचा असेल, समजा चाळीस हजारांचा फोन आणि पैसेही अडकलेत, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल होते. भांड्यासाठी मी एवढी गेले नसते हे खरंय.

अजून एक, या दिवसांत आपण ट्रॅकिंगकडे डोळे लावून बसलेलो असतो आणि नेमका तेव्हाच 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबलंय, या लिंकवर अपडेट करा' असा मेसेज येतो आणि लिंक उघडली की रिडिलिव्हरीचे पाच-दहा रुपये कार्डने भरा म्हणतात. मलाही गुरुवारी आला होता, वाट बघत होते ना म्हणून बोट लिंकवर गेलंच होतं, पण त्यात ट्रॅकिंग नंबरच नव्हता. असल्या लिंकवर कार्डाचे डिटेल्स द्यायचे नाहीत, ट्रॅकिंग नंबर घेऊन ऑर्डरच्या पानावरूनच बघायचं, आणि पैसे गेलेच तर तासाभरात १९३० ला फोन लावायचा.