ऐतिहासिक कागदपत्रांची चिकित्सा

ऐतिहासिक कागदपत्रांची चिकित्सा : जुना कागद पुरावा म्हणून वापरण्याआधी तो अस्सल आहे का, कोणी व कशासाठी लिहिला, आणि त्यातले कोणते विधान कितपत मानायचे, हे ठरवण्याची पद्धत. या तपासणीचे दोन भाग पडतात. पहिल्यात कागद ज्या काळचा म्हणवतो त्या काळचा आहे का हे पाहतात. दुसऱ्यात त्यातला मजकूर खरा आहे का हे पाहतात. अस्सल कागदातही खोटे लिहिलेले असू शकते, आणि उशिराच्या नकलेतही खरी माहिती टिकून राहते.

पहिल्या भागात अक्षराचे वळण, कागद, शिक्का-मोर्तब, मायना आणि कालगणना तपासतात. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे केले जात, आणि ते बऱ्याचदा कालगणनेत सापडतात. राज्याभिषेक शक इसवी सन १६७४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या म्हणवणाऱ्या पत्रात तो शक किंवा ‘छत्रपती’ हे बिरुद आले, तर पत्र नंतर रचले असावे किंवा निदान नक्कल करताना त्यात भर पडली असावी.

दुसरा भाग अधिक अवघड असतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात तो चांगला दिसतो. बखरींच्या आधारे हा जन्म दीर्घकाळ शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली धरला जाई. नेमक्या तिथीवर मात्र बखरींचे एकमत नव्हते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे घटनांच्या सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली. तिच्यात जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी असून महाराज शिवनेरीस उपजले असे म्हटले आहे.

या नोंदीची अंगे एकमेकांशी ताडून पाहता येतात. दक्षिणेकडच्या पद्धतीने शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेला आकडा संवत्सराचा क्रम देतो. १५५१ साठी बाकी ३ उरते, आणि प्रभव, विभव यांच्यानंतर तिसरे शुक्लच येते. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र पूर्वा किंवा उत्तरा फाल्गुनीच्या आसपास असतो, म्हणून वद्य तृतीयेला तो हस्तात असणे जुळते. या तिथीला ज्यूलियन पंचांगाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते, ग्रेगोरियनने १ मार्च. ग्रेगोरियन पंचांगात दर चारशे वर्षांनी वार पुन्हा तेच येतात. १ मार्च २०३० ला शुक्रवार आहे, तेव्हा १६३० लाही शुक्रवारच होता.

एवढ्याने नोंद खरी ठरत नाही. पंचांग जाणणारा माणूस मागाहूनही असे जुळवून लिहू शकतो. हिशेबावरून इतकेच कळते की ही तारीख अंदाजाने ठोकलेली नाही. म्हणून पुढचा प्रश्न हेतूचा. शकावली जेधे घराण्यात जपलेली, तेव्हा कान्होजी जेध्यांची कामगिरी आणि घराण्याचा मान यांविषयीची तिची वाक्ये जपून वाचावी लागतात. जन्म १६२७ चा की १६३० चा, याने मात्र जेध्यांच्या वतनाला काहीच फरक पडत नव्हता. एकाच कागदातली दोन वाक्ये अशी वेगवेगळ्या भरवशाची असू शकतात, आणि वादंगात नेमका याचाच विसर पडतो.

पुढे आणखी दोन साधने मिळाली. जोधपूरच्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातल्या कुंडलीत आणि परमानंद कवीच्या ‘शिवभारता’त हीच तिथी आहे. शिवभारत हे दरबारी काव्य. त्यात महाराज विष्णूचा अवतार आहेत. ती कवीची भक्ती आणि दरबाराची गरज म्हणून बाजूला ठेवायची. पण परमानंद महाराजांच्या पदरचा, त्यामुळे तिथीच्या बाबतीत त्याला चांगली माहिती असण्याचा संभव मोठा. साधनांचे एकमत मोजताना ती एकमेकांवरून उतरवलेली नाहीत ना, हे मात्र पाहावे लागते. दहा बखरी एकाच बखरीवरून लिहिल्या असतील तर साक्षीदार एकच. जेध्यांची शकावली, संस्कृत काव्य आणि राजस्थानातली कुंडली यांनी एकमेकांवरून उतरवले असण्याचे कारण दिसत नाही. तिघांच्या मुळाशी एकच जन्मटिपण असले, तरी ते बखरींपेक्षा घटनेला कितीतरी जवळचे ठरते.

यावरून बखरी टाकाऊ ठरत नाहीत. मल्हार रामराव चिटणिसांची बखर सातारच्या छत्रपतींच्या आज्ञेने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. १६३० विषयी ती दुबळी साक्ष आहे. पण १८१० च्या सुमारास साताऱ्याला शिवकाळ कसा आठवला जात होता, या प्रश्नाला तीच अव्वल साधन आहे. महाराष्ट्र शासनाने पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथीने जयंती करणारे फाल्गुन वद्य तृतीयाच पाळतात.