बायस-व्हेरियन्स ट्रेडऑफ

मोजमापांवरून अंदाज बांधणाऱ्या कोणत्याही पद्धतीच्या चुकीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, पद्धतीचा अंदाज सरासरीने खऱ्या किमतीपासून किती सरकलेला आहे. याला बायस म्हणतात. दुसरी, मोजमापे नव्याने घेतली तर तो अंदाज किती हलतो, हा व्हेरियन्स. मॉडेल साधे ठेवले की बायस वाढतो आणि व्हेरियन्स उतरतो, लवचीक केले की उलटे होते. या ओढाताणीला संख्याशास्त्रात आणि मशीन लर्निंगमध्ये बायस-व्हेरियन्स ट्रेडऑफ म्हणतात. न्यूरल नेटवर्कच्या संदर्भात हा विचार स्टुअर्ट गेमन, एली बिनेनस्टॉक आणि रेने दूर्सा यांनी १९९२ साली सविस्तर मांडला आणि तिथून तो या क्षेत्रात रुळला.

इथला 'बायस' म्हणजे पूर्वग्रह किंवा पक्षपात नव्हे. शिवाय बायस आणि व्हेरियन्स हे एका तयार मॉडेलचे गुण नाहीत. ते मॉडेल ज्या रीतीने तयार झाले त्या रीतीचे आहेत. एकाच मॉडेलकडे बघून 'याचा व्हेरियन्स जास्त आहे' असे म्हणणे म्हणजे नाणे एकदाच उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे.

दुपारच्या तापमानाचे उदाहरण

गच्चीवर सावलीत एक स्वस्त सेन्सर ठेवला आहे, तो दर अर्ध्या तासाला तापमान नोंदवतो. समजा दुपारचे खरे कमाल तापमान ३६ अंश आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ते पॅराबोलासारखे उतरते: अर्ध्या तासाने ०.१ अंश, एका तासाने ०.४, दोन तासांनी १.६, तीन तासांनी ३.६. सेन्सरच्या प्रत्येक नोंदीत यादृच्छिक चूक शिरते. तिचे प्रमाण विचलन १ अंश, म्हणजे त्याचा वर्ग असलेला व्हेरियन्सही १ (अंश वर्गात). आपल्याला फक्त नोंदींवरून कमाल तापमान सांगायचे आहे.

सर्वात सोपी रीत म्हणजे सरकती सरासरी: कमाल वेळेची नोंद आणि तिच्या आजूबाजूच्या काही नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढायची. किती नोंदी घ्यायच्या, एवढाच प्रश्न उरतो. नोंदींची ही खिडकी जितकी रुंद, तितके मॉडेल साधे, कारण तेवढ्या काळात तापमान बदलतच नाही असे ते धरून चालते. खिडकी अरुंद केली की मॉडेल प्रत्येक नोंदीमागे वाकते.

दोन्ही बाजूंना m नोंदी घेतल्या तर एकूण नोंदी 2m+1 होतात. व्हेरियन्स तितक्या पटीने कमी होतो: 1/(2m+1). पण आजूबाजूच्या नोंदी शिखरापेक्षा थंड असल्याने सरासरी खाली ओढली जाते. ही घट 0.1 × m(m+1)/3 इतकी येते आणि तोच बायस. बायसचा वर्ग आणि व्हेरियन्स यांची बेरीज म्हणजे एकूण चूक; ती का, ते पुढे येईल.

| नोंदी | बायस (अंश) | बायसचा वर्ग | व्हेरियन्स | बेरीज |
|---|---|---|---|---|
| १ | ० | ० | १.०० | १.०० |
| ३ | −०.०७ | ०.००४ | ०.३३ | ०.३४ |
| ५ | −०.२० | ०.०४ | ०.२० | ०.२४ |
| ७ | −०.४० | ०.१६ | ०.१४ | ०.३० |
| १३ | −१.४० | १.९६ | ०.०८ | २.०४ |

एकच नोंद वापरणारा अंदाज सरासरीने अगदी बरोबर असतो. अशा हजार दुपारी मोजल्या तर सगळ्या अंदाजांची सरासरी ३६ च्या जवळ येईल. पण आपल्याकडे दुपार एकच असते, आणि त्या दिवशी सेन्सर ३४.५ दाखवेल की ३७.३, हे नशिबावर. तेरा नोंदींची सरासरी उलट शहाण्यासारखी स्थिर राहते. रोज ३४.६ च्या आसपासच उत्तर येते, आणि रोज जवळजवळ दीड अंशाने चुकते. अतिसाधे मॉडेल कसे फसते ते इथे दिसते: त्याचे उत्तर इतके ठाम असते की शंकाच येत नाही. पाच नोंदींचा अंदाज किंचित थंड आहे आणि थोडा हलतोही, तरी एकूण चूक त्याचीच सर्वात कमी.

सर्वोत्तम खिडकी ठरीव नसते. सेन्सर आणखी वाईट असता, त्याच्या चुकीचा व्हेरियन्स ४ असता, तर पाच नोंदींची बेरीज ०.८४ आणि सातांची ०.७३ आली असती. म्हणजे सात नोंदी सरस ठरल्या असत्या. मोजमाप जितके खडबडीत, तितके मॉडेल साधे ठेवणे परवडते.

बेरीज का जमते

बायसचा वर्ग आणि व्हेरियन्स यांची नुसती बेरीज का होते? कोणताही एक अंदाज घ्या. तो खऱ्या किमतीपासून जितका दूर आहे ते अंतर दोन टप्प्यांत मोजता येते: खऱ्या किमतीपासून सरासरी अंदाजापर्यंत, आणि तिथून या अंदाजापर्यंत. वर्ग केल्यावर मध्ये गुणाकाराचे एक पद येते. पण दुसरा टप्पा कधी वर तर कधी खाली असतो आणि त्याची सरासरी शून्य, त्यामुळे ते पद गळून पडते. अंदाजाची तुलना खऱ्या तापमानाशी न करता सेन्सरच्या नव्या नोंदीशी केली, तर त्या नोंदीच्या स्वतःच्या नॉइजचा, म्हणजे यादृच्छिक चुकीचा, व्हेरियन्सही वर मिळवावा लागतो:

```
E[(y − f̂)²] = बायस² + व्हेरियन्स + σ²
```

इथे E म्हणजे सरासरी, y ही नवी नोंद, f̂ हा अंदाज आणि σ² हा नॉइजचा व्हेरियन्स. आपल्या उदाहरणात σ² = 1. हा भाग कोणत्याच मॉडेलला घटवता येत नाही.

कुटुंब बदलले तर

वरचा तक्ता पाहून असे वाटते की एक घटवले की दुसरे वाढणारच. ते एका कुटुंबापुरतेच, म्हणजे सरकत्या सरासऱ्यांपुरतेच खरे आहे. त्याच तेरा नोंदींमधून सपाट सरासरीऐवजी पॅराबोला बसवला तर बायस पूर्ण नाहीसा होतो, कारण तापमान खरोखरच तसे वळते. शिखरावरचा व्हेरियन्स ०.०८ वरून ०.१७ वर जातो (नेमका २५/१४३). एकूण चूक ०.१७, म्हणजे पाच नोंदींच्या सरासरीपेक्षाही कमी. तापमानाच्या वळणाबद्दल आपल्याला थोडे ठाऊक होते, त्याचा हा फायदा.

मग घातांक वाढवतच का नेऊ नये? तेरा नोंदींमधून बाराव्या घाताचा वक्र तंतोतंत जातो. प्रत्येक नोंद त्याने गाठलेली असते, म्हणून शिखरावर तो सेन्सरचाच आकडा परत देतो आणि व्हेरियन्स पुन्हा १ होतो. एवढी बीजगणिताची मेहनत करून आपण तक्त्याच्या पहिल्या ओळीत परत येतो. टोकांकडच्या दोन नोंदींच्या मध्ये तर परिस्थिती याहून वाईट असते. समान अंतरावरच्या बिंदूंमधून मोठ्या घाताची बहुपदी नेली की ती टोकांकडे भलतीच उसळी घेऊ शकते, हे कार्ल रुंगे यांनी १९०१ साली दाखवले होते, आणि तेही मोजमापात कसलाच नॉइज नसताना.

ओळखायचे कसे

प्रत्यक्षात खरे तापमान माहीत नसते आणि दुपारही एकच मिळते, त्यामुळे हा तक्ता कोणाला बनवता येत नाही. दिसतात ते दोनच आकडे: ज्या नोंदींवर मॉडेल बसवले त्यांच्यावरची, म्हणजे ट्रेनिंगमधली चूक, आणि बाजूला ठेवलेल्या नव्या नोंदींवरची चूक. आपल्या शिखरावर ते असे येतात. एका नोंदीच्या मॉडेलची ट्रेनिंगमधली चूक शून्य असते, कारण ते नोंदच परत वाचून दाखवते. नव्या नोंदीवर मात्र २. पाच नोंदींसाठी हेच आकडे ०.८४ आणि १.२४. तेरा नोंदींच्या सरासरीसाठी २.८८ आणि ३.०४.

रोगाचे निदान या दोन आकड्यांतल्या दरीवरून होते. ट्रेनिंगमध्ये उत्तम आणि बाहेर खराब, तर व्हेरियन्स. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. दोन्हीकडे सारखेच खराब, तर बायस, म्हणजे अंडरफिटिंग. बायसचा उपाय जास्त डेटा नाही, हे न समजल्यामुळे बराच पैसा वाया जातो. सेन्सर दर तीन मिनिटांनी नोंद घेऊ लागला, म्हणजे दहापट डेटा आला, तरी शिखराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तासांची सरासरी १.२२ अंशांनी थंडच राहते. तिचा मुळातच किरकोळ असलेला व्हेरियन्स तेवढा उतरतो. एकेक तासाची खिडकी ठेवली तर मात्र त्याच डेटावर एकूण चूक ०.२४ वरून ०.०४ वर येते.

या हिशेबात एक गृहीत आहे: प्रत्येक नोंदीची चूक आधीच्या नोंदीच्या चुकीशी संबंधित नाही. स्वस्त सेन्सरमध्ये ते बऱ्याचदा खोटे ठरते. तो एकदा वर सरकला की दहा-पंधरा मिनिटे तिथेच रेंगाळतो. मग दहापट नोंदींतून दहापट माहिती येत नाही, आणि चाचणीही फसते. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून काही चाचणीसाठी बाजूला काढल्या तर त्यांच्या शेजारच्या, तीच चूक वाहणाऱ्या नोंदी ट्रेनिंगमध्ये राहतात. अतिलवचीक मॉडेल ती चूक पाठ करते आणि चाचणीतही उत्तम गुण मिळवते. म्हणून अशा डेटात क्रॉस-व्हॅलिडेशन, म्हणजे डेटाचे भाग आलटूनपालटून बाजूला ठेवून चाचणी, करताना सुट्या नोंदी नव्हे, पूर्ण दिवस बाजूला ठेवावे लागतात.

सेन्सरवर ऊन येत असेल आणि तो कायमच दोन अंश जास्त दाखवत असेल, तर ते कशातच दिसणार नाही. ट्रेनिंगच्या आणि चाचणीच्या नोंदी दोन्ही सारख्याच बिघडलेल्या असतात. तिथे दुसरा, खात्रीचा तापमापक शेजारी ठेवूनच कळते.

मर्यादा

ही सरळ बेरीज वर्गचुकीसाठी आहे. 'पाऊस पडेल की नाही' अशा हो-नाही वर्गीकरणात ती तशीच लागू होत नाही. तिथे बायस आणि व्हेरियन्स बेरजेऐवजी एकमेकांत गुंतून काम करतात, आणि बराच बायस असलेला अंदाजही योग्य बाजूला पडला तर काहीच नुकसान होत नाही. जेरोम फ्रीडमन यांनी १९९७ साली हे दाखवले.

दुसरी मर्यादा अलीकडे चर्चेत आली. मिखाईल बेल्किन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले की मॉडेलमधले जुळवून घेता येणारे आकडे, म्हणजे पॅरामीटर, वाढवत नेले की चाचणीची चूक आधी उतरते, मग चढते, मॉडेल सगळे बिंदू जेमतेम गाठू लागते तिथे शिखर गाठते, आणि त्यापुढे पुन्हा उतरू शकते. याला डबल डिसेंट म्हणतात. कारण असे की तेरा नोंदींमधून जाणारा बाराव्या घाताचा वक्र एकच असतो आणि तो कितीही वेडावाकडा असला तरी घ्यावाच लागतो. हजार पॅरामीटर असले तर त्याच नोंदींमधून जाणारे अगणित वक्र उपलब्ध असतात, आणि ट्रेनिंगची रीत त्यांतला सर्वात शांत वक्र निवडत असेल तर व्हेरियन्स पुन्हा खाली येतो. ट्रेडऑफ इथेही लागू असतोच, पण लवचीकपणा पॅरामीटरच्या संख्येवरून मोजता येत नाही.