सोलापूर ते हैदराबाद: दारू आणि तंबाखूची वयोमर्यादा राज्यागणिक कशी बदलते, कशी तपासायची

सोलापूरहून हैदराबादला निघालं की नळदुर्ग, उमरगा मागे पडतं आणि थोड्याच वेळात गाडी कर्नाटकात शिरते. हुमनाबाद ओलांडून पुढे जहीराबादला तेलंगणा लागतं. एकाच रस्त्यावर तीन राज्यं येतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. तुमच्या आधारवरचा पत्ता सोलापूरचा आहे, याने काही फरक पडत नाही. ज्या दुकानासमोर उभे आहात, त्या राज्याचं वय लागू होतं. मद्य हा राज्यघटनेनं राज्यांकडे दिलेला विषय आहे, म्हणून देशभर एकच आकडा नाही.

घरापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. व्हिस्की, रम किंवा देशी दारूसाठी २५. शिवाय विदेशी मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत दुकानातच मिळतो, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना. वर्षाचा किंवा आजीवन परवाना हवा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, किंवा जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात जायचं. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा तयार ठेवा. हा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असतो.

आता एक उदाहरण घेऊ. मोठा भाऊ २३ वर्षांचा आणि धाकटा १९ वर्षांचा, दोघं मिळून हैदराबादला चालले आहेत. मोठ्याला सोलापुरात व्हिस्की मिळणार नाही, बिअर मिळेल. हुमनाबादला किंवा हैदराबादला मात्र तो व्हिस्कीही घेऊ शकतो, कारण कर्नाटक आणि तेलंगणात मर्यादा २१ आहे. धाकट्याला तिन्ही ठिकाणी मद्य बंद.

तंबाखूत गंमत उलटी होते. केंद्राच्या २००३ च्या कायद्यानं देशभर १८ वर्षं ठरवली आहेत, त्यामुळे धाकट्याला सोलापुरात सिगारेटचं पाकीट विकणं वयाच्या दृष्टीनं कायदेशीर आहे. कर्नाटकानं मात्र या कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि मे २०२५ मध्ये ती लागू केली. तिथं तंबाखूचं वय आता २१ आहे आणि हुक्का बारवरही बंदी आहे. म्हणजे उमरग्यात चालणारी खरेदी हुमनाबादला चालत नाही आणि जहीराबादला पुन्हा चालते. सुटी सिगारेट मात्र महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे विकता येत नाही.

तपासताना घोटाळा इथंच होतो. सगळ्या राज्यांचे आकडे एका तक्त्यात देणारी जी यादी शोधल्यावर सापडते, तिच्यात कर्नाटकाचं तंबाखूचं वय १८ दिसलं तर ती यादी जुनी आहे असं समजा. हरियाणाचं मद्याचं वय २५ लिहिलं असेल तरी तेच, कारण ते २१ वर आणलं गेलं आहे. दुसरी अडचण कर्नाटकाच्या मद्याची. तिथल्या मूळ अबकारी कायद्यात १८ आहे आणि परवानाधारकांच्या नियमांत २१. दुकानदार आपल्या परवान्याच्या अटी पाळतो, म्हणून प्रत्यक्षात २१ धरा. २०२३ मध्ये ते १८ करण्याचा मसुदा आला होता, विरोध झाल्यावर मागे घेतला गेला. त्या वेळच्या बातम्या अजून फिरतात. म्हणून आधी बातमीची तारीख पाहा, मग त्या राज्याच्या अबकारी खात्याच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहा.

वयाच्या पुराव्यासाठी वाहन परवाना सोबत ठेवावा, असं मी सांगेन. त्यावर पूर्ण जन्मतारीख असते. जुन्या आधार कार्डांवर कित्येकदा नुसतं जन्मवर्ष असतं, आणि ज्याला नुकतीच २१ पूर्ण झाली आहेत त्याला त्यावरून काही सिद्ध करता येत नाही. तंबाखू घेणारा सज्ञान आहे हे दाखवण्याची जबाबदारी केंद्राच्या नियमांनुसार विक्रेत्यावर आहे, त्यामुळे त्यानं ओळखपत्र मागितलं तर चिडू नये. आणि घरातल्या लहान मुलाला तंबाखूची पुडी आणायला पाठवू नका. मुलाला मद्य किंवा तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याखाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे सगळ्या राज्यांत सारखंच आहे.

परतीच्या वाटेवर मोठ्या भावानं हुमनाबादची व्हिस्कीची बाटली गाडीत ठेवली तर? ती तिथं कायदेशीर होती, पण तिचा कर कर्नाटकात भरलेला आहे आणि ती त्याच राज्यात विकण्यासाठी असल्याचं लेबलवर छापलेलं असतं. परराज्यातलं मद्य विनापरवानगी महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. उमरग्याच्या अलीकडे तपासणी झाली तर वय २३ असणं हा त्याचा दुसरा दोष ठरेल, आणि एक दिवसाचा परवानाही त्याला वाचवणार नाही.