बातमी भावात किती दिवसांत मुरते?

एखाद्या कंपनीचा तिमाही निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागतो आणि दुसऱ्या दिवशी शेअर पावणेसहा टक्के चढतो. एवढ्यावरून बाजार कार्यक्षम ठरत नाही. युजीन फामा यांनी १९७० साली बाजाराच्या कार्यक्षमतेचे तीन प्रकार मांडले. त्यांतल्या मधल्या, म्हणजे अर्ध-प्रबळ प्रकाराचं म्हणणं असं, की जाहीर झालेली माहिती भावात लगेच उतरते. हे खरं असेल, तर बातमी वाचून शेअर घेणाऱ्याच्या हाती त्यानंतर जादा काही लागायला नको. म्हणून उडी किती मोठी, यापेक्षा उडीनंतरचे दिवस कसे जातात, हे पाहायचं.

त्यासाठी आधी शून्य दिवस, म्हणजे बातमीवर बाजार पहिल्यांदा व्यवहार करू शकतो तो दिवस, ठरवावा लागतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. निकाल गुरुवारी संध्याकाळी पाचला आला, तर बाजार साडेतीनलाच बंद झालेला असतो. शून्य दिवस शुक्रवार. तिथे गुरुवार धरला, तर खरी उडी +१ या दिवशी दिसते आणि बाजार सुस्त असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. बोनस किंवा स्प्लिटच्या अभ्यासात समायोजित भावच घ्यावेत. नाहीतर १:१ बोनसनंतर भाव निम्मा होतो आणि गणितात ५० टक्क्यांचं नुकसान उमटतं, जे कोणाचंच झालेलं नसतं.

आता बातमी आलीच नसती तर शेअर किती हलला असता, याचा अंदाज हवा. घटनेच्या बऱ्याच आधीचे, समजा १२० व्यवहाराचे दिवस घ्यायचे, आणि शेअरचा रोजचा परतावा निफ्टीच्या परताव्याशी समाश्रयणाने जोडायचा. त्यातून अल्फा आणि बीटा मिळतात: निफ्टी जागचा हलला नाही तरी शेअर सरासरी रोज जेवढा हलतो तो अल्फा, आणि निफ्टी एक टक्का हलला की शेअर जितके टक्के हलतो तो बीटा. हे १२० दिवस घटनेच्या खिडकीत, म्हणजे शून्य दिवसाच्या आगेमागे तपासायच्या दिवसांत, शिरता कामा नयेत, नाहीतर बातमीचा परिणाम अंदाजातच मिसळतो. प्रत्यक्ष परताव्यातून हा अपेक्षित परतावा वजा केला की उरतो तो असामान्य परतावा. त्याची दिवसागणिक बेरीज म्हणजे संचयी असामान्य परतावा:

```
AR(t)  = R(t) − [α + β × Rm(t)]
CAR    = Σ AR(t)
```

एक काल्पनिक कंपनी घेऊ: अल्फा ०.०२ टक्के, बीटा १.२, आणि अंदाजातल्या रोजच्या चुकीचं प्रमाण विचलन १.५ टक्के.

| दिवस | निफ्टी % | शेअर % | अपेक्षित % | असामान्य % | संचयी % |
|---|---|---|---|---|---|
| −२ | ०.५ | १.१० | ०.६२ | ०.४८ | ०.४८ |
| −१ | −०.४ | ०.२४ | −०.४६ | ०.७० | १.१८ |
| ० | १.० | ५.७२ | १.२२ | ४.५० | ५.६८ |
| +१ | −०.५ | −०.८८ | −०.५८ | −०.३० | ५.३८ |
| +२ | ०.२ | ०.३८ | ०.२६ | ०.१२ | ५.५० |

शून्य दिवसाचे ४.५० भागिले १.५ म्हणजे ३. ही उडी योगायोगाची वाटत नाही. पण पाचही दिवसांचे ५.५० घेतले, तर भागायचं १.५ गुणिले √५, म्हणजे ३.३५ ने. उत्तर १.६४ येतं, आणि योगायोग नाही असं म्हणायला लागणारी नेहमीची १.९६ ची मर्यादा ते ओलांडत नाही. बातमी तीच, खिडकी रुंद केल्यावर गोंगाटात बुडाली. कार्यक्षमतेची परीक्षा मात्र +१ आणि +२ या दिवसांची आहे: बेरीज उणे ०.१८, जवळपास शून्य. इथे बातमी पहिल्याच दिवशी मुरली.

एका कंपनीवरून अर्थात काही सिद्ध होत नाही. अनेक घटना शून्य दिवसावर जुळवून सरासरी काढली, की प्रत्येकीचा स्वतंत्र गोंगाट एकमेकांना खोडतो. फामा, फिशर, जेन्सन आणि रोल यांनी १९६९ साली न्यूयॉर्क शेअरबाजारातले ९४० स्प्लिट असेच मासिक आकड्यांवर तपासले. सरासरी संचयी वक्र स्प्लिटच्या महिन्यापर्यंत चढत गेला आणि नंतर सपाट झाला. आधीचा चढ दिसला की लगेच माहिती फुटल्याचा संशय घेऊ नये. शेअर बराच चढल्यावरच कंपन्या बहुधा स्प्लिट करतात, त्यामुळे तो चढ निवडीतूनच येतो. आपल्याकडे निकालांच्या हंगामात वेगळा घोळ होतो. एकाच दिवशी बऱ्याच कंपन्यांचे निकाल येतात, त्यांचे असामान्य परतावे स्वतंत्र राहत नाहीत आणि सरासरी आहे त्यापेक्षा खात्रीची भासते.

निकालांच्या बाबतीत वक्र नेहमी सपाट होतही नाही. चांगल्या निकालानंतर तो पुढे काही आठवडे चढत राहतो, वाईट निकालानंतर उतरत राहतो. बॉल आणि ब्राउन यांच्या १९६८ च्या अभ्यासात हे दिसलं आणि बर्नार्ड व थॉमस यांनी १९८९ साली ते सविस्तर तपासलं. बाजार खरोखर मंद आहे, की अपेक्षित परताव्याचं आपलं सूत्र चुकतं आहे, हे एकट्या वक्रावरून सांगता येत नाही. लांब खिडकीत ही अडचण फार वाढते. वरच्या कंपनीचा अल्फा १२० दिवसांवरून काढला, तर त्यात रोज सुमारे ०.१४ टक्क्याची चूक सहज असू शकते. एका दिवसात ती जाणवत नाही, पण ६० दिवस साचली की आठ टक्क्यांवर जाते, म्हणजे मूळ उडीच्या जवळपास दुप्पट.