एकाच चित्रातून अनेक आकार: लोगोच्या आवृत्त्यांची पार्श्वभूमी

शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा एकाच वळणाचे अक्षर प्रत्येक मापासाठी वेगळे कोरले जाई. बारीक मापात रेषा थोडी जाड, अक्षरांतली पोकळी मोठी आणि दोन अक्षरांमधली जागा सैल. पुढे फोटो टाइपसेटिंगमध्ये एकच मूळ अक्षर भिंगाने लहानमोठे करता येऊ लागले आणि ही सवय मागे पडली. लोगोही तसाच वापरला जाऊ लागला. एकदा काढायचा आणि हव्या त्या मापात ताणायचा.

याची अडचण मास्टरकार्डच्या चिन्हात स्पष्ट दिसते. लाल आणि पिवळी वर्तुळे 1968 पासूनची, आणि नाव त्यांच्यावरच लिहिलेले. 1990 मध्ये दोन वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तिथे कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्या गुंफल्या गेल्या. 1996 मध्ये त्या कमी आणि जाड केल्या, म्हणजे त्रास पडद्याच्या आधीच जाणवला होता. ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह 16 बाय 16 पिक्सेलचे. त्यात वर्तुळांचा सामाईक भाग जेमतेम चार पिक्सेल रुंद येतो. प्रत्येक पट्टीला निदान एक पिक्सेल लागतो, म्हणून पट्ट्या विरघळून मळकट डाग उरतो. वर्तुळांवरचे नाव तर वाचताच येत नाही.

2016 मध्ये पेंटाग्राम या स्टुडिओने पट्ट्या काढून तिथे सपाट नारिंगी भरला आणि नाव वर्तुळांच्या बाहेर काढले. माझ्या मते खरी कामगिरी ही दुसरी आहे. नाव सुटे झाल्यावर चिन्हाखाली नाव, चिन्हाशेजारी नाव आणि नुसते चिन्ह अशा आवृत्त्या आपोआप शक्य झाल्या. 2019 मध्ये कंपनीने अनेक ठिकाणी नाव गाळलेही; पन्नास वर्षांच्या ओळखीवर ते पेलले. नव्या कंपनीने हे करू नये. तिच्या होर्डिंगवर नाव हवेच.

होर्डिंग मोठे म्हणून तिथे बारकावे चालतील, हा समज मात्र सोडायला हवा. सहा फूट उंचीचा लोगो 300 फुटांवरून पाहिला, तर उंची आणि अंतराचे प्रमाण 1 ला 50 येते. फोनवरचे आठ मिलिमीटरचे आयकॉन 40 सेंटिमीटरवरून पाहतानाही तेच प्रमाण असते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि गाडीतल्या माणसाला तर काही सेकंदच मिळतात. त्यात रात्री मागून उजेड असलेल्या फलकावर गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे फुगल्यासारखी भासतात आणि त्यांच्यातल्या पोकळ्या बुजतात. मराठी नावात आधी अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून अशा फलकासाठी किंचित सडपातळ, सैल जागेची आवृत्ती वेगळी काढावी लागते. आयकॉनसाठी याच्या उलट, रेषा जाड ठेवायची आणि बहुधा नावाचे पहिले अक्षरच घ्यायचे.